मदत हवी आहे: ड्रेक समीकरणात सरासरी खरी धरायची की मध्यक?

शनिवारी आमच्या आकाशनिरीक्षण गटात मला फर्मीच्या ‘मग सगळे आहेत कुठे?’ या प्रश्नावर बोलायचंय. त्यासाठी आकाशगंगेत संपर्क साधू शकतील अशा संस्कृती किती, म्हणजे N, याचा अंदाज देणारं ड्रेकचं 1961 चं समीकरण स्प्रेडशीटमध्ये मांडलं आणि तिथंच अडकलो.

`N = R* · fp · ne · fl · fi · fc · L`

वर्षाला 2 नवे तारे, प्रत्येकाभोवती ग्रह, ताऱ्यामागे राहण्याजोगे 0.2 ग्रह, त्यातल्या निम्म्यांवर जीव, बुद्धी आणि संपर्कतंत्र यांचे पुढचे दोन्ही गुणक 0.1 आणि संस्कृतीचं आयुष्य 10,000 वर्षं धरलं. उत्तर 20 आलं. पहिले दोन आकडे निरीक्षणातून येतात, त्यांना फार हलवता येत नाही. पण जीव निर्माण होण्याचा `fl` आपण एकाच ग्रहावरून ठरवतो, आणि तो ग्रह म्हणजे आपणच!

म्हणून `fl` 1 ते दशलक्षांश यांत कुठेही असू दिला:

```
=10^(-6*RAND())
```

हजार ओळी ओढल्या. सरासरी N साधारण 3 येते, पण चारपैकी जवळपास तीन ओळींत N 1 पेक्षा कमी आहे आणि मध्यक जेमतेम 0.04. मूठभर मोठे आकडे सरासरी वर खेचतात. म्हणजे ‘सरासरी तीन’ म्हणतानाच आकाशगंगेत दुसरं कुणी नसण्याची शक्यता जास्त! मग फर्मीच्या प्रश्नात नवल ते काय उरतं?

माझी शंका अशी: दशलक्षांश ही खालची मर्यादा मी मनानेच ठरवली. ती आणखी खाली नेली की N 1 पेक्षा कमी असलेल्या ओळी वाढतात. ही मर्यादा रसायनशास्त्रातून ठरवता येते का? की `L` पण असाच मोकळा सोडू?