'प्रमाणित पद्धतीने नमुने घेतले' एवढ्यावर भागतं का?

मांडवीकाठ: शोधनिबंधातला पद्धती विभाग लांबवण्याची ही कसली फॅशन? 'गोव्यातल्या चोडण बेटाच्या खारफुटीत पाच स्थानकांवर दरमहा प्रमाणित पद्धतीने चिखलाचे नमुने घेतले' एवढं पुरे. लोकांना निष्कर्ष वाचू द्या.

चिखलमापी: तुमचे निष्कर्षच तपासता येत नाहीत, म्हणून एवढं लिहितोय. कोअर म्हणजे चिखलात खुपसून नमुना काढायची नळी. १० सेंमी व्यासाच्या कोअरचं तोंड ७८.५ चौ.सेंमी. त्यात एक अळी सापडली, तर चौरस मीटरला १२७ होतात. तीन कोअर एकत्र कालवून एक अळी सापडली, तर ४२. कालवले की वेगळे ठेवले हे लिहिलंच नाही, तर घनता तिप्पट चुकू शकते आणि ते कुणाला कळणारही नाही. असं लिहा: 'प्रत्येक स्थानकावर ५ मीटर अंतराने तीन कोअर, खोली १५ सेंमी, तिन्ही वेगळे मोजले. ठरलेले १८०, जुलैत दोन स्थानकं गाठता आली नाहीत, म्हणून प्रत्यक्ष १७४.' चाळणीची जाळी ०.५ मिमी की १ मिमी, आणि फॉर्मेलिन चाळण्याआधी की नंतर, हेही हवं. जिवंत अळ्या वळवळत जाळीतून निसटतात.

रेइश: जाळीचं पटलं. पण जागेसाठी एवढा खटाटोप कशाला? जीपीएसचे आकडे दिले की झालं. 15.51, 73.87.

चिखलमापी: अहो, दशांशाची दोन स्थळं म्हणजे सुमारे एक किलोमीटरची ढिलाई. चोडणात तेवढ्यात माणूस खारफुटीतून थेट नदीत उतरेल! चार स्थळं द्या, WGS84 ही संदर्भप्रणाली लिहा आणि यंत्राने दाखवलेली त्रुटीही द्या. दाट झाडीखाली ती वाढते.

खाजनकार: माझं काम खाजनात, म्हणजे बांध घातलेल्या खारजमिनीत, मानशीच्या आत चालतं. मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. तिथे 'ओहोटीला नमुना घेतला' असं लिहू का? भरती-ओहोटीचं कोष्टक मुरगाव बंदराचं आहे.

चिखलमापी: नका लिहू. आतलं पाणी मानशीच्या दारावर चालतं, कोष्टकावर नाही. दार उघडं की बंद, काठीवर मोजलेली पातळी आणि घड्याळी वेळ लिहा. बाहेरच्या स्थानकांनाही मुरगावची वेळ तशीच लावू नका, वर नदीत भरती उशिरा पोचते.

मांडवीकाठ: म्हणजे आता काठी रोवायची, दाराची नोंद ठेवायची, क्षारता मोजायची! नियतकालिकाची शब्दमर्यादा कुठे जाते?

चिखलमापी: पुरवणी तक्त्यात. एका भेटीला एक ओळ: तारीख, वेळ, पातळी, किती कोअर. क्षारतामापीचं शून्य ऊर्ध्वपातित पाण्यावर त्या दिवशी जुळवलं की नाही, तेही त्याच ओळीत.

खाजनकार: पण मग मानशीच्या आतली आणि बाहेरची स्थानकं एकाच विश्लेषणात घ्यावीत का? आत दार आठवडाभर बंद राहू शकतं.

रेइश: घ्या की, स्थानक हा घटक धरा.

चिखलमापी: तेवढ्याने दाराचा परिणाम जागेच्या परिणामापासून वेगळा होत नाही. एकच मानस असेल तर मुळीच नाही.

मांडवीकाठ: कोअर कालवल्याचा मुद्दा मान्य, तेवढा बदलतो. काठी मात्र रोवणार नाही.