पाणी मीटरचे फोटो: एआयने नक्की किती पाहिले?

कुलकर्णी (सचिव, बी-२०३): मंडळी, बी विंगच्या २८ फ्लॅटची मीटर रीडिंग काढायला सगळे फोटो एआयच्या चॅटमध्ये टाकलेत. आत्तापर्यंत किती फोटो पाहिलेस असं विचारलं तर आधी २२ म्हणाला. पुढे परत विचारलं तेव्हा २४. "नीट मोज, चुकतोयस" म्हटल्यावर २६! माझ्या हिशेबाने फोटो २३ आणि वर एक पीडीएफ. हा मोजतो तरी कसा? ह्याच्या भरवशावर बिलं काढायची का?

सलीमभाई (खजिनदार, बी-७०१): बिलं थांबवा सचिवसाहेब. आकडा दरवेळी बदलतोय म्हणजे मला तरी शंका आहे.

मुग्धा (बी-५०२): काका, आधी तुम्ही काय काय पाठवलंत ते क्रमाने लिहा. कोणत्या मेसेजमध्ये किती फोटो, आणि मध्ये काही खोडलं किंवा बदललं का तेही.

कुलकर्णी (सचिव): पहिल्या मेसेजमध्ये १०१ ते २०४ चे ८ फोटो. दुसऱ्यात ३०१ ते ४०४ चे ८. ४०२ ची काच धुरकट होती म्हणून त्याचा नवा फोटो वेगळा पाठवला. मग लक्षात आलं, दुसऱ्या मेसेजमध्ये फ्लॅट नंबर चुकीचे लिहिलेत, म्हणून तो मेसेज एडिट केला. पाचव्या मजल्याच्या चारही मीटरचा एकच कोलाज केला. सहाव्या मजल्याचं शिंदे वहिनींनी स्कॅन करून दिलेलं पीडीएफ, २ पानांचं. सातव्याचे ४ फोटो, पण ७०१ चा चुकून दोनदा गेला.

मुग्धा (बी-५०२): झालं, यातच उत्तर आहे. आधी तो मोजतो कसा ते सांगते.

त्याच्याकडे फोटोंचा काउंटर नसतो. म्हणजे फोटो आला की कुठे तरी एक आकडा वाढतो, असं काही चालत नाही. तुम्ही प्रत्येक वेळी नवा प्रश्न टाकता तेव्हा सुरुवातीपासूनचं सगळं संभाषण, मजकूर आणि फोटोंसकट, मॉडेलसमोर परत मांडलं जातं. दोन प्रश्नांच्या मधल्या वेळात तो काहीच लक्षात ठेवून बसलेला नसतो. "किती फोटो पाहिले" याचं उत्तर तो त्या क्षणी समोर असलेल्या संभाषणावर नजर टाकून देतो. चार-पाच फोटो असतील तर बहुतेक बरोबर येतं. वीसच्या पुढे गेलं आणि सगळे फोटो एकसारखेच असले, तर डगमगतं. गोल तबकडीची २० मीटरं एकापाठोपाठ म्हणजे त्याच्यासाठी अवघडच.

आता तुमच्या यादीवर येऊ. पहिले ८, दुसरे ८, कोलाज १ आणि सातव्या मजल्याचे ५. बेरीज २२. पहिलं उत्तर बरोबर होतं.

कुलकर्णी (सचिव): कोलाजमध्ये चार मीटर आहेत ना! आणि ४०२ चा नवा फोटो कुठे गेला?

मुग्धा (बी-५०२): कोलाज ही एक फाइल आहे, म्हणून तो एकच फोटो. आत चार मीटर दिसतात हे तो वाचतो, पण फोटो विचारलेत तर एकच धरणार. आणि ७०१ दोनदा गेला तर तो दोन. एकच फोटो दुसऱ्यांदा आलाय हे तो आपणहून वजा करेलच असं नाही.

४०२ ची गोष्ट मात्र महत्त्वाची आहे. मागचा मेसेज एडिट केला की संभाषणाला तिथून नवा फाटा फुटतो. त्या मेसेजच्या खाली जे काही होतं ते सगळं जुन्या फाट्यावर राहतं. बऱ्याच ॲपमध्ये एडिट केलेल्या मेसेजखाली छोटे बाण आणि २/२ असं दिसतं, तेच ते. बाण दाबून १/२ वर गेलात तर नवा फोटो तिथे सापडेल. पण आत्ता चालू असलेल्या फाट्यात तो फोटो नाही, त्यामुळे मॉडेलच्या दृष्टीने तो कधी आलाच नाही. म्हणून तुमचे २३ आणि त्याचे २२.

शिंदे वहिनी (बी-६०४): आणि माझं पीडीएफ? ते धरलंच नाही का?

मुग्धा (बी-५०२): वहिनी, तिथेच २४ आलं. काही टूल पीडीएफच्या प्रत्येक पानाचं चित्र करून मॉडेलला देतात, काही फक्त पानावरचा मजकूर काढून देतात. तुमचं पीडीएफ स्कॅनचं आहे, त्यात मजकूर नाहीच. सहाव्या मजल्याचे आकडे त्याने बरोबर दिले असतील तर पानं चित्र म्हणूनच गेलीत. २२ अधिक २ पानं म्हणजे २४. दोन्ही उत्तरं खरी आहेत, फक्त "फोटो" कशाला म्हणायचं ते दरवेळी वेगळं धरलं.

सलीमभाई (खजिनदार): आणि २६?

मुग्धा (बी-५०२): २६ ला कसलाच आधार नाही. "चुकतोयस" असं ठासून सांगितलं की तो आकडा बदलण्याकडे झुकतो, मग आधीचा बरोबर असला तरी. शिवाय त्याचं आधीचं २४ हे उत्तरही आता संभाषणात लिहिलेलं आहे, तेही त्याच्या डोळ्यासमोर असतं. त्यावर थोडं कमी-जास्त करून नवा आकडा येतो. म्हणून असं दटावून विचारू नका, काहीही हाती लागत नाही.

कुलकर्णी (सचिव): मग विचारायचं कसं?

मुग्धा (बी-५०२): आकडा मागू नका, यादी मागा. हा मजकूर जसाच्या तसा टाका:

"या संभाषणातल्या प्रत्येक चित्रासाठी क्रमाने एक ओळ लिही. अनुक्रमांक, कोणत्या मेसेजमध्ये आलं, त्यात किती मीटर दिसतात, प्रत्येक मीटरचा छापील क्रमांक आणि काळ्या अंकांचं रीडिंग. पीडीएफची पानं वेगळी दाखव. वाचता न आलेला अंक प्रश्नचिन्हाने दाखव, अंदाज करू नकोस. सगळ्या ओळी झाल्यावरच बेरीज लिही."

एकेक ओळ लिहिताना त्याला प्रत्येक चित्राकडे वेगळं बघावं लागतं, आणि शेवटी मोजायच्या त्या लिहिलेल्या ओळी असतात. मीटरचा छापील क्रमांक मागायचं कारण म्हणजे एखादी ओळ त्याने मनाने घातली तर तो क्रमांक आपल्या रजिस्टरमध्ये सापडणार नाही. आणि ७०१ दोनदा आलाय हेही तोच क्रमांक दोन ओळींत दिसल्यावर कळेल.

ओंकार (बी-४०१): मुग्धाताईंच्या म्हणण्यात थोडी भर. पक्का आकडा हवा तर मॉडेलला विचारायचंच नाही, बाहेरून मोजायचं. ॲपमध्ये वर सरकवत जाऊन लघुचित्रं मोजा, ते नेहमी बरोबर. कोणी एपीआयमधून स्वतःची स्क्रिप्ट चालवत असेल तर संभाषणाची यादी आपल्याकडेच असते:

```python
n = sum(1 for m in messages
        if isinstance(m["content"], list)
        for b in m["content"] if b["type"] == "image")
```

हे क्लॉड या एआयच्या एपीआयच्या रचनेप्रमाणे आहे. तिथे पीडीएफचा प्रकार `document` असतो, त्यामुळे वहिनींची २ पानं यात येत नाहीत. या यादीवर उत्तर २२ च येईल.

सलीमभाई (खजिनदार): ओंकार, एक सांग. तीन महिन्यांचे फोटो एकाच चॅटमध्ये टाकत गेलो तर? सचिवसाहेबांचा तोच बेत आहे.

ओंकार (बी-४०१): नको काका. फोटोही जागा खातो. क्लॉडसाठी ढोबळ ठोकताळा असा, की रुंदी गुणिले उंची भागिले ७५० इतके टोकन, म्हणजे मॉडेल ज्यात जागा मोजतो ते तुकडे. १००० बाय १००० पिक्सेलचा फोटो म्हणजे १३०० च्या वर टोकन. असे २२ फोटो म्हणजे जवळपास २९ हजार, आणि ते दर प्रश्नाला परत जातात. संभाषणाची मर्यादा भरत आली की काही ॲप जुना भाग गाळतात किंवा त्याचा सारांश करतात. मग मार्चचा फोटो गेलेला असतो, पण मार्चचं रीडिंग मजकुरात शिल्लक असतं. तो ते वाचून अगदी आत्मविश्वासाने सांगतो आणि आपल्याला वाटतं फोटो अजून समोर आहे.

ओळखायची युक्ती सोपी आहे. पहिल्या फोटोतलं असं काही विचारा जे आत्तापर्यंत कोणीच लिहिलेलं नाही. उदाहरणार्थ, १०१ च्या मीटरशेजारचा पाइप कोणत्या रंगाचा आहे? खरं काय ते आपण गॅलरीत बघू शकतो. उत्तर चुकलं किंवा गोलगोल आलं, तर फोटो गेला असं समजा. दर महिन्याला नवं चॅट काढा. नव्या चॅटमध्ये मोजणी शून्यापासून, जुने फोटो तिथे दिसत नाहीत.

शिंदे वहिनी (बी-६०४): कोलाज केला तर जागा वाचेल ना मग?

ओंकार (बी-४०१): वाचेल, पण अंक जातील. मोठा फोटो मॉडेलकडे जायच्या आधी लहान केला जातो. क्लॉडच्या बऱ्याच मॉडेलांत लांब बाजू १५६८ पिक्सेलच्या आत आणि एकूण फोटो सुमारे १६०० टोकनच्या आत आणतात. ४००० बाय ३००० चा फोटो साधारण १२६० बाय ९५० होतो. त्यातच चार मीटर बसवले तर एकेकाच्या वाट्याला साधारण ६३० बाय ४७५, आणि तबकडीवरचे अंक त्याच्याही एका कोपऱ्यात. ३ चा ८ आणि १ चा ७ तिथेच होतो. पाचव्या मजल्याचे आकडे डोळ्यांनी तपासाच. काळे अंक म्हणजे पूर्ण घनमीटर, एक घनमीटर म्हणजे १००० लिटर. शेवटचा काळा अंक एकाने चुकला तरी बिलात हजार लिटरचा फरक. लाल अंक सोडून दिले तरी चालेल.

मुग्धा (बी-५०२): काका, पुढच्या वेळी एका मेसेजमध्ये एकाच मजल्याचे ४ फोटो, आणि वर मजकुरात "फोटो १: १०१, फोटो २: १०२" असं फोटोंच्या क्रमाने लिहा. नंबर असा लिहून दिला की त्याला मोजावं लागत नाही, वाचता येतो. क्रम मात्र पाठवण्याआधी लघुचित्रांवरून बघून घ्या. गॅलरीतून एकदम निवडले की कधी कधी निवडलेल्या क्रमाने जात नाहीत, आणि मग १०२ चं रीडिंग १०३ च्या नावावर.

कुलकर्णी (सचिव): यादी मागवली. २४ ओळी आल्या, त्यात २ पीडीएफची पानं. मीटर एकूण २९, ७०१ चा क्रमांक दोनदा. म्हणजे वेगळे मीटर २८, बरोबर जमलं. ४०२ पुढे शेवटच्या दोन काळ्या अंकांना प्रश्नचिन्ह. ५०३ चा एक अंक मला कोलाजमध्येही नीट दिसत नाही.

मुग्धा (बी-५०२): ४०२ ला धुरकटवालाच फोटो बघतोय तो. नवा फोटो आता शेवटी पाठवा आणि सोबत लिहा, "हा ४०२ चा नवा फोटो, दुसऱ्या मेसेजमधला ४०२ चा फोटो सोडून दे." मागचा मेसेज परत एडिट करू नका, नाहीतर खालचे तीन मजले जातील. ५०३ चा मी आत्ता खाली जाऊन काढते, वेगळा पाठवा.

सलीमभाई (खजिनदार): दोन्ही आले की यादी मला द्या. रजिस्टरमधले मीटर क्रमांक मी ताडून बघतो, मग बिलं उद्या.