मदत हवी आहे: आईचा फोन हरवलाय, त्यात नेट नाही, तरी Find Hub वर ठिकाण कसं दिसतंय?

मंगळवारपेठी: नमस्कार मंडळी. काल आई अंबाबाईच्या दर्शनाला गेली होती. नंतर महाद्वार रोडला खरेदी करताना पर्समधला फोन गेला. अँड्रॉइड आहे, साधाच. रिचार्ज संपल्यामुळे त्यात नेट अजिबात नव्हतं. मी माझ्या फोनवर तिच्या अकाउंटने Find Hub उघडलं, त्याने तिच्या फोनचा स्क्रीन लॉकचा पिन मागितला, तो टाकला. मग दुपारी 12:20 ला भवानी मंडपाजवळ आणि संध्याकाळी 5:50 ला मध्यवर्ती बसस्थानकाजवळ असं दाखवलं. त्यानंतर काहीच नाही. नेट नसताना हे कळलं कसं? आणि बसस्थानकाजवळचा ठिपका एका लॉजवर येतोय, तिथे जाऊन विचारू का? फोन लावला तर 'संपर्क क्षेत्राबाहेर' असं येतंय.

रांगडा_करवीर: ताई, ते टॉवरवरनं काढत्यात. आयएमईआय नंबर टॉवरला कळतोय न्हवं, तिथनंच गूगलला जातंय. लॉजवर जावा सरळ, दोन पोरं घिऊन. ठिपका हाय म्हंजी फोन तिथंच हाय.

उंबरठा: रांगडा, टॉवरची माहिती मोबाइल कंपनीकडे असते, ती पोलिसांनी मागितली की मिळते. गूगलच्या ॲपवर ती येत नाही. लॉजवर तर अजिबात जाऊ नका.

आईचा फोन ब्लूटूथवरून सतत एक छोटासा संदेश सोडत होता. त्यात नाव, नंबर, ठिकाण काही नसतं, फक्त अधूनमधून बदलणारी अक्षरांची एक ओळ. शेजारून जाणाऱ्या कुणाच्या तरी अँड्रॉइडने ती ऐकली. त्या फोनकडे नेट होतं आणि लोकेशन चालू होतं. त्याने स्वतःचं ठिकाण कुलूपबंद करून गूगलकडे पाठवलं. कुलूप अशा प्रकारचं, की पाठवणाऱ्याला ते पुन्हा उघडता येत नाही आणि गूगललाही वाचता येत नाही. किल्ली आईच्या अकाउंटशी आणि तिच्या फोनच्या पिनशी जोडलेली. म्हणूनच तुम्हाला पिन विचारला गेला.

आता लॉजचं. ठिपका आईच्या फोनचा नाहीच, तो ऐकणाऱ्याच्या फोनचा आहे. गर्दीत माणसांची अंगंच ब्लूटूथ अडवतात, तिथे दहा-पंधरा मीटर धरा, मोकळ्यावर जास्त. शिवाय इमारतींच्या दाटीत ऐकणाऱ्याचं जीपीएसही थोडं इकडेतिकडे सरकतं. म्हणजे फोन लॉजमध्ये असेल, समोरच्या चहाच्या गाड्यावर असेल, नाहीतर फलाटावर उभ्या एसटीत असेल.

रांगडा_करवीर: हां, मग माझं अर्धं बरोबर. दुसऱ्याच्या फोनातनं जातंय म्हंजी आपला नंबर त्याला दिसतोय. ह्यो धोकाच की.

उंबरठा: दिसत नाही. त्याला कळतही नाही की त्याच्या फोनने काही केलं. तुमच्या खिशातल्या फोननेही काल महाद्वार रोडला चार जणांना मदत केली असेल.

ऊसकरी_मास्तर: माझंही असंच झालं, पण मला काही सापडलं नाही बरं का. उसाला पाणी पाजताना फोन बांधावर पडला. गाव राधानगरी रस्त्याला, तिथे रेंज येत नाही. ॲपवर आदल्या रात्रीचं घरचंच ठिकाण दाखवत होतं. शेवटी गड्याला सापडला. मग हे ब्लूटूथ माझ्या बाबतीत झोपलं होतं का? का गूगल शहरवाल्यांनाच मदत करतं?

उंबरठा: मास्तर, प्रश्न चांगला आहे, आणि 'शहरवाल्यांनाच' हे चिडून म्हटलं असलंत तरी बरंचसं खरं आहे. अँड्रॉइडमध्ये मदत करणाऱ्या फोनची मूळची सेटिंग `With network in high-traffic areas only` अशी असते. त्यात एकट्या फोनने ऐकलेलं मालकाला दाखवत नाहीत. अनेक फोनांनी ऐकलं, तरच ठिकाण पुढे जातं. एकट्यादुकट्या माणसाच्या घरापर्यंत कुणाचा माग निघू नये म्हणून ही काळजी. ती मला पटते, पण उसाच्या बांधावर एक गडी आणि एक फोन, तिथे ती आडवी येते. त्यात गड्याच्या फोनलाही नेट नसेल तर विषयच संपला.

आणखी एक. कुणी आपल्या गूगल अकाउंटमध्ये घराचा पत्ता टाकलेला असेल, तर त्या घराच्या आसपास त्याचा फोन अशी नोंद पाठवतच नाही. वस्तीवर लोक कमी, आणि त्यातले काही असे गप्प.

घरच्यांच्या फोनवर Settings मध्ये Google, तिथून Find Hub, मग `Find your offline devices` मध्ये जाऊन `With network in all areas` करून ठेवा. मग त्यांच्यातल्या एकाच फोनने ऐकलं तरी चालतं. काही कंपन्यांच्या फोनात वाट थोडी वेगळी असते, पण नाव हेच शोधा. तुमच्या स्वतःच्या फोनवर ते `Off` नाही ना तेही बघा, आणि पिन किंवा पॅटर्न असू द्या, त्याशिवाय कुलूप लागत नाही.

मंगळवारपेठी: आता कळलं. महाद्वार रोडला आणि बसस्थानकावर गर्दी होती म्हणून दिसला. पण 5:50 नंतर काय झालं? चोराने बंद केला असेल का?

उंबरठा: एक गोष्ट पक्की: 5:50 च्या सुमारास फोन चालू होता आणि ब्लूटूथही चालू होतं. साधा अँड्रॉइड बंद केला की संदेश थांबतो. बंद केल्यावरही सापडण्याची सोय पिक्सेल 8 सारख्या मोजक्या फोनांत आहे, त्यात वेगळं हार्डवेअर लागतं. आयफोनमध्ये 11 पासून पुढे ती आहे.

त्यानंतरच्या शांततेचे अर्थ मात्र अनेक निघतात. फोन बंद केला असेल, ब्लूटूथ बंद केलं असेल, बॅटरी संपली असेल, किंवा फोन एसटीतून गारगोटी-गडहिंग्लजकडे गेला आणि आता एखाद्या वाडीत पडून आहे, जिथे मास्तरांच्या बांधासारखी गत. 'संपर्क क्षेत्राबाहेर' वरूनही ठरत नाही, कारण सिम काढलं तरी तेच येऊ शकतं.

रांगडा_करवीर: एसटीत तर चाळीस माणसं असत्यात की! तिथं का न्हाय दिसला?

उंबरठा: हा मुद्दा बरोबर काढलास. फोन चालू असता तर एसटीत दिसायला हवा होता, निदान वाटेत एखाद्या थांब्यावर. बॅगेच्या तळाशी, डिकीत असेल तर संदेश कमजोर पडतो, आणि लांबच्या गावात रेंजही जाते-येते, म्हणून ठाम सांगत नाही. पण मला तरी बंद केल्याची शक्यता जास्त वाटते.

ऊसकरी_मास्तर: ताई, आईच्या फोनवर बँकेचं ॲप आहे का? आधी ते बघा. माझ्या मेहुणीचं...

मंगळवारपेठी: मास्तर, बँकेला काल रात्रीच कळवलं, सिमही बंद केलं. पोलिसांत तक्रार द्यायला दुपारी जातेय. संचार साथीवर आयएमईआय ब्लॉक केला तर हे ब्लूटूथचं शोधणं बंद पडेल का?

उंबरठा: नाही. ते ब्लॉकिंग मोबाइल नेटवर्कपुरतं असतं, ब्लूटूथचा त्याच्याशी संबंध नाही. त्या पोर्टलवर पोलीस तक्रारीची प्रत लागते, ती घेऊनच या. Find Hub मध्ये फोन 'हरवला' म्हणून आत्ताच नोंदवून ठेवा, पण `Erase` ला एवढ्यात हात लावू नका. नवीन ठिकाण आलं तर त्याची वेळ आणि ठिपक्याभोवतीचा गोल यांचा स्क्रीनशॉट काढून पोलिसांना द्या. ठिकाण जवळचं असेल आणि सोबत पोलीस असतील तेव्हाच `Find nearby` वापरा, फोनच्या जवळ जाल तसा त्यातला आकार भरत जातो.

मंगळवारपेठी: हरवल्याची नोंद केली. आत्ता बघितलं तर अजून 5:50 च आहे.

रांगडा_करवीर: तक्रार दिल्यावर सांगा ताई. बसस्थानकाशेजारी माझा मित्र दुकान चालवतोय, सीसीटीव्हीचं विचारून ठेवतो.