मदत हवी आहे : हिशोबाने गव्हाची पाळी २२ दिवसांनी येते, पण पीक ११व्या दिवशीच पाणी मागते

माळावरचा_गहू
सिन्नर तालुक्यात दीड एकर गहू आहे. यंदा अंदाजाने पाणी न देता जमिनीतील ओलाव्याचा जमाखर्च मांडून पाळी ठरवण्याचे मनावर घेतले आहे. माती परीक्षण अहवालानुसार वाफशाचा ओलावा ३६ टक्के आणि झाड कोमेजते ती पातळी १८ टक्के, म्हणजे उपयोगी ओलावा १८ टक्के होतो. मुळांची खोली १ मीटर धरल्यास १८० मिलिमीटर पाणी साठते, आणि त्यातील निम्मे वापरू द्यायचे म्हटले तर ९० मिलिमीटर. बाष्पीभवन पात्राचे ५ मिलिमीटर, त्याला पात्र गुणांक ०.७ ने आणि पीक गुणांक १.१५ ने गुणले की रोजचा खर्च ४ मिलिमीटर येतो. म्हणजे पाळी २२ दिवसांनी यावयास हवी. प्रत्यक्षात आज ११व्या दिवशी दुपारी पाने वळू लागली आहेत. सूत्रात नेमकी चूक कोठे आहे, ते कृपया लवकर सांगावे, कारण या आठवड्यात वीज रात्रीची आहे आणि आजच निर्णय घ्यावा लागेल.

पाणीपाळी
एवढ्या आकडेमोडीची गरजच नाही. गव्हाला मुकुटमुळे फुटताना १८ ते २१ दिवसांनी, कांडी धरताना ४० ते ४५ दिवसांनी, फुलोऱ्यात ६० ते ६५ दिवसांनी आणि दाणे भरताना ८० ते ८५ दिवसांनी पाणी द्यावे, ही शिफारस वर्षानुवर्षे सर्वांना माहीत आहे. आमच्याकडे गोदाकाठच्या काळ्या रानात याच चार पाळ्यांवर उत्तम गहू येतो. आपण अवस्था सोडून मिलिमीटरच्या मागे लागला आहात, म्हणून हा गोंधळ झाला आहे.

मृदाजल
सूत्र बरोबर आहे आणि रोजचा खर्चही योग्य काढला आहे. मात्र चार गोष्टी कळल्याखेरीज उत्तर देता येणार नाही. मुरूम किती खोलीवर लागतो? मातीत खडे किती आहेत? अहवालातील टक्के वजनाचे आहेत की आकारमानाचे? आणि एका पाळीत नेमके किती पाणी जमिनीवर पडते? पाणी सारे पाडून देता की तुषार संचाने, हेही लिहिलेले नाही. पेरणी केव्हाची आहे आणि यापूर्वीच्या पाळ्या कोणत्या तारखांना दिल्या, तेही सांगावे. पाने संपूर्ण रानात वळली आहेत की ठरावीक भागात?

डाळिंब_बाग
आमच्या डाळिंबाला ठिबक आहे आणि आम्ही टेन्शिओमीटर बसवला आहे. माती सुकून त्याचा काटा वर चढला की संच सुरू करतो. मुळांची खोली वगैरे काही धरावे लागत नाही. आपणही ठिबकवर रोज अर्धा तास पाणी द्यावे, पाने कधीच वळणार नाहीत.

माळावरचा_गहू
डाळिंब_बाग, गव्हाला ठिबक नाही, तुषार संच आहे. नोझल १२ बाय १२ मीटरवर आहेत आणि प्रत्येक पाळीला संच ३ तास चालतो.

मृदाजल सर, रान उताराचे आहे. पाने फक्त वरच्या पाऊण एकरात वळली आहेत, खालचा भाग हिरवागार आहे. वरच्या अंगाला दीड फुटावर मुरूम लागतो, तर खाली तीन फुटांपर्यंत काळी माती आहे. वरच्या मातीचे एक घमेले चाळून निघालेले खडे मापाच्या भांड्यात पाण्यात टाकून पाहिले, तर आकारमानाने पाचवा हिस्सा खडे निघाले. खाली खडे नाहीत. प्रयोगशाळेत फोन केला तेव्हा टक्के वजनाचे असल्याचे समजले. नमुना मात्र दोन्ही भागांचा एकत्र दिला होता. पेरणी १५ नोव्हेंबरची, तीही रान पूर्ण भिजवून वाफशावर केली. त्यानंतर २०व्या आणि ४०व्या दिवशी पाणी दिले. आज पीक ५१ दिवसांचे आहे.

मृदाजल
आता चित्र स्पष्ट झाले. दीड फुटावर, म्हणजे ४५ सेंटिमीटरवर मुरूम असताना मुळांची खोली १ मीटर धरता येत नाही. पुस्तकातील खोली ही अडथळा नसलेल्या जमिनीतील असते. मुळे प्रत्यक्षात पोहोचू शकतात तेवढीच माती आपली.

दुसरी बाब टक्क्यांची. वजनाच्या टक्क्यांना मातीच्या बल्क डेन्सिटीने, म्हणजे एक घन सेंटिमीटर जागेतील कोरड्या मातीच्या ग्रॅममधील वजनाने, गुणल्याशिवाय त्यांचे मिलिमीटर करता येत नाहीत. आपल्यासारख्या काळ्या मातीसाठी तूर्त १.३ धरू, म्हणजे १८ टक्क्यांचे २३.४ टक्के होतात. येथे आपण पाणी कमी धरले होते आणि खोलीत जास्त, पण खोलीचा फरक फारच मोठा आहे. शिवाय प्रयोगशाळा खडे चाळून उरलेली माती तपासते. खड्यांनी व्यापलेली जागा ओलावा धरत नाही, म्हणून वरच्या भागातून तेवढा हिस्सा वजा करावा लागतो.

वरचा भाग : ४५० मिलिमीटर खोलीचे २३.४ टक्के, त्याचे चार पंचमांश, म्हणजे सुमारे ८४ मिलिमीटर. त्यातील निम्मे ४२. खालच्या भागात आज मुळे साधारण ७० सेंटिमीटरवर असावीत असे धरू. तेथे १६४ मिलिमीटर साठते आणि निम्मे ८२ होते. वरच्या भागात रोज ४ मिलिमीटर खर्च धरला तर साडेदहा दिवसांत मर्यादा येते. तीही तेव्हाच, जेव्हा मागच्या पाळीने माती पूर्ण भरली असेल. ती भरली होती का, हाच माझा पुढचा प्रश्न आहे. आज रात्री संच सुरू होण्यापूर्वी सरळ बाजूंचे सारख्या मापाचे दहा-बारा डबे चार नोझलच्या मधल्या चौकोनात ठेवावेत आणि ३ तासांनी प्रत्येकातील पाणी पट्टीने मोजावे.

पाणीपाळी
मृदाजल, आपण हिशोब नीट मांडला आहे, पण अवस्थांचे महत्त्व त्यात कोठेच दिसत नाही. फुलोऱ्यात पाणी कमी पडले तर दाण्यांची संख्या घटते, मग जमाखर्च काहीही सांगो.

मृदाजल
हे मला मान्य आहे. म्हणूनच फुलोऱ्याच्या आसपास ५० टक्क्यांऐवजी ४० टक्केच तूट होऊ द्यावी, असे मी सुचवीन. परंतु तीन आठवड्यांचे अंतर निभावते ते खोल काळ्या रानात, कारण तेथे मीटरभर माती पाणी राखून ठेवते. दीड फुटाच्या मातीत फुलोऱ्याचे पाणी अगदी वेळेवर दिले, तरी ते पुढची पाळी येईपर्यंत टिकत नाही. अवस्था आपल्याला सांगते की ताण कोणत्या वेळी अधिक महागात पडेल, आणि पाणी किती दिवस पुरेल ते माती सांगते.

माळावरचा_गहू
डबे ठेवले होते. सरासरी ३० मिलिमीटर पाणी मिळाले. वाऱ्याच्या बाजूच्या डब्यात २२ आणि सर्वांत भरलेल्या डब्यात ३७ निघाले. मी आजपर्यंत प्रत्येक पाळीनंतर तूट शून्य धरून नवा हिशोब सुरू करत होतो.

मृदाजल
मग सगळा उलगडा येथेच होतो. पेरणीच्या वेळी माती भरलेली होती. पहिल्या २० दिवसांत पीक लहान असल्यामुळे तूट २५ मिलिमीटरच्या आसपास झाली असणार, आणि ती तीन तासांच्या पाळीत भरून निघाली. पुढच्या २० दिवसांत रोजचा सरासरी खर्च अडीच मिलिमीटर धरला तर तूट ५० होते. ४०व्या दिवशी त्यात ३० पडले, पण २० मिलिमीटर तूट शिल्लक राहिली आणि आपल्या वहीत मात्र ती शून्य झाली. त्यानंतरच्या ११ दिवसांचे ४४ मिळवले की एकूण तूट ६४ येते.

या ६४ मिलिमीटर तुटीकडे दोन्ही भागांत पाहावे. खाली मर्यादा ८२ आहे, म्हणून पीक हिरवे राहिले. वर मर्यादा ४२ आहे आणि ती पाळीनंतर पाचव्या-सहाव्या दिवशीच ओलांडली गेली. पान वळलेले डोळ्यांना दिसते तोपर्यंत पिकाची वाढ काही दिवस मंदावलेलीच असते. त्यामुळे पाने वळण्याची वाट पाहून पाळी ठरवू नये.

काल रात्री ३० मिलिमीटर गेले आहेत. एक रात्र सोडून पुन्हा ३ तास दोन्ही भागांत द्यावे. सलग सहा तास चालवू नये, कारण काळी माती वरून मिटली की पाणी उताराने वाहून जाते आणि वहीत मात्र ते जमेला राहते. या दोन पाळ्यांनी दोन्ही भागांची तूट जवळजवळ भरून निघेल, आणि मधल्या दोन दिवसांचा खर्च वहीत तूट म्हणून पुढे न्यावा. पुढे वरच्या भागाला ७ ते ८ दिवसांनी ३ तास पुरेत. खालच्या भागाला त्याच्या दुप्पट अंतराने, पण एक रात्र सोडून दोन वेळा ३-३ तास द्यावे. म्हणजे दर दुसऱ्या फेरीलाच खालचे पाइप जोडावे लागतील. फेब्रुवारीत ऊन वाढून रोजचा खर्च साडेपाच मिलिमीटरवर गेला की वरचे अंतर पाच दिवसांवर येईल. बाष्पीभवनाचा आकडा दर आठवड्याला बदलत राहावा.

विहीर_बागायत
आमचे रानही असेच आहे, म्हणून एक शंका मांडतो. मुरूम म्हणजे खडक नव्हे. आमच्याकडे विहिरीच्या कडेला खोदले तेव्हा गव्हाची मुळे मऊ मुरमात चांगली वीतभर उतरलेली दिसली. मग ४५ सेंटिमीटरवरच खोली का थांबवावी? ६० धरल्यास दोन दिवसांचे अंतर सहज वाढते आणि जानेवारीनंतर विहिरीचे पाणी कमी होते, तेव्हा ते दोन दिवस मोलाचे असतात.

मृदाजल
मुळे उतरत असतील, हे मी नाकारत नाही. परंतु मुरमाची उपयोगी ओलावा धरण्याची क्षमता मातीपेक्षा बरीच कमी असते आणि ती एका रानातून दुसऱ्या रानात फार बदलते. वरच्या भागात खड्डा घेऊन मुळे कोठवर आहेत ते पाहिल्याशिवाय मी तो थर जमेस धरणार नाही. पाणी कमी असेल तर खोली फुगवून अंतर वाढवण्यापेक्षा दाणे भरल्यानंतरची शेवटची पाळी सोडावी.

पाणीपाळी
शेवटच्या पाळीबाबत मी सहमत नाही. हलक्या रानात तीच सोडली तर दाणा बारीक राहतो. वरच्या भागाचे क्षेत्रच पुढच्या वर्षी हरभऱ्याला द्यावे.

माळावरचा_गहू
एक रात्र सोडून दुसरे ३ तास दिले. आज दोन दिवसांनी वरच्या भागात पहार टोचून पाहिली. ती मुरमापर्यंत सहज गेली. जवळच खणून एक फुटाखालची माती हातात घेतली, तर घट्ट गोळा झाला आणि अंगठ्याने दाबल्यावर लांब पट्टी निघाली. खाली मात्र सव्वादोन फुटांच्या पुढे पहार अडते, म्हणजे तेथे ओल अजून पोहोचलेली नाही. मुळे ७० सेंटिमीटरवर धरली आहेत, तेव्हा खालच्या भागाला आणखी एक तास द्यावा की मुळे वाढेपर्यंत थांबावे?

मृदाजल
सव्वादोन फूट म्हणजे जवळजवळ ७० सेंटिमीटरच झाले. आता अधिक दिलेले पाणी मुळांच्या खाली जाईल. फुलोऱ्यापूर्वीच्या पाळीला खोली ९० धरून, तेव्हा तास वाढवावेत.