नुसता 'राम राम' आला, की पुढे काय येतं?

सकाळी फोन उघडला की 'राम राम दादा' एवढाच मेसेज. आपण उत्तर देईपर्यंत माणूस गप्प. खान्देशकरांनो, तुमचे अनुभव लिहा: उत्तर दिल्यावर खरी गोष्ट कोणती निघते?

दुकानदार, रावेर
माझं खत-औषधांचं दुकान आहे. पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाचा 'राम राम शेठ' आला. मी लिहिलं, 'राम राम, बोला.' मग केळीच्या पानाचा फोटो आला, त्यावर पिवळे पट्टे. हरण्या रोग. सांगितलं, झाड मुळासकट उपटून गाडून टाका, बांधावरचे काकडी-भोपळ्याचे वेल काढा, रोग तिथे टिकतो आणि मावा तो केळीवर आणतो. फवारणीने मावा कमी होईल, लागलेलं झाड बरं होणार नाही. 'बरं' म्हणाला. थोड्या वेळाने: 'माव्याचं औषध आजच लागेल. पैसे कटाई झाल्यावर दिले तर चालेल का शेठ?' राम राम त्यासाठी होता. नुसता रोगच विचारायचा असला की आमच्याकडचा माणूस आधी फोटो टाकतो, राम राम विसरतो.

अमळनेरकरीण
माझे सासरे रोज सूर्योदयाचं चित्र आणि सुविचार पाठवतात. फोन भरून गेला! बंद कसं करायचं?

धागाकर्ता
ताई, ते वेगळं. त्यांना उत्तर नकोच असतं.

धुळ्याचा, सध्या पुण्यात
सोपं आहे. आपण ऑनलाइन आहोत का, तेवढं बघतात. मी स्टेटसलाच लिहिलंय, 'सरळ काम सांगा.'

दुकानदार, रावेर
मग तुला उधारी कोण मागणार!

निवृत्त मास्तर, चोपडा
ऑनलाइन बघणं हे अर्धंच कारण. ते तर पुष्कळदा नावाखालीच दिसतं, तरी राम राम येतो. उधारी, लग्नाला गाडी, पोराच्या अ‍ॅडमिशनसाठी शब्द टाकणं, असलं काही तोंडावर नाकारलं गेलं तर पुढच्या बाजाराला भेटायची पंचाईत. राम रामला उत्तर आलं नाही, तर मागणी झालीच नाही, दोघांची अब्रू शाबूत. शेग्लॉफ नावाच्या अभ्यासकाने १९६८ मध्ये टेलिफोनवरच्या बोलण्याच्या सुरुवातीवर लिहिलं होतं: हाकेला ओ मिळाली, की पुढे बोलायची पाळी हाक मारणाऱ्याची. टेलिफोनवर हे क्षणात उरकतं. मेसेजवर हाक आणि ओ यांच्यात अर्धा दिवस जातो, तेवढी पुणेकराची कटकट खरी.

शहाद्याहून
माझ्या मावसभावाचा 'दंडवत प्रणाम' आला. मी उत्तर दिलं. नंतर काहीच नाही! काय हवं असेल?

दुकानदार, रावेर
उत्तर काय दिलं होतं?

शहाद्याहून
'दंडवत. जरा घाईत आहे, हॉस्पिटलच्या बिलाचं चाललंय.'

दुकानदार, रावेर
मग पैसेच मागायचे होते.

शहाद्याहून
तसंही नाही हो. तो अधूनमधून नुसती विचारपूसही करतो.