वीस मिनिटं नळीकडे बघत बसायचं?

नितीन_मौदा: भाच्याला धानाच्या बांधीत साप चावला. दवाखान्यात रक्त काढून काचेच्या नळीत ठेवलं आणि वीस मिनिटं सगळे बघत बसले. गोठलं म्हणून इंजेक्शन नाही. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. थेंबभर रक्तावर आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं तो आकडा, सांगणारी मशीन बाजारात मिळते, आणि आपण अजून नळी तिरपी करून बघतोय! साप चावला तर सरळ अँटिव्हेनम द्या ना. पेशंट मरायची वाट बघता का?

डॉ_उमरेडरोड: नितीनभाऊ, पोरगा कसा आहे ते आधी सांगा.

आता मशीनचं. बोट टोचून आयएनआर दाखवणारी ती मशीन रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्या हार्ट पेशंटसाठी बनली आहे. विषाने बिघडलेल्या रक्तात ती चुकीचे आकडे देते, कधीकधी चक्क नॉर्मल दाखवते. लॅबचा पीटी-आयएनआर चांगला, पण रात्री दोन वाजता ग्रामीण रुग्णालयात तो करणार कोण? नळी मात्र तिथे असते.

आणि सरळ द्या म्हणता, तर अँटिव्हेनम घोड्याच्या रक्तापासून बनतं. काही पेशंटना पहिल्या काही मिनिटांतच अंगावर गांध्या उठतात, श्वास अडकतो, बीपी कोसळतं. अ‍ॅड्रेनालिन भरून हाताशी ठेवूनच आम्ही सलाईन सुरू करतो. विष अंगात भिनलंच नसेल तर हा धोका कशासाठी घ्यायचा?

मागच्या पावसाळ्यातला एक पेशंट सांगतो. संध्याकाळी सहाला पायाला परड, म्हणजे घोणस, चावली. सातला काढलेलं रक्त गोठलं, घोट्याला जराशी सूज. साडेसातचंही गोठलं. आठला काढलेलं वीस मिनिटांनी आडवं केलं तर पाण्यासारखं वाहिलं. साडेआठला 10 व्हायल सुरू केल्या. साडेनऊला नातेवाईक म्हणाले, परत तपासा. तपासलं असतं तर पातळच निघालं असतं, आणि आणखी 10 द्या म्हणून गोंधळ झाला असता. औषध विषाला लवकर बांधतं, पण रक्ताचा गोळा ज्यापासून बनतो ते संपलेलं फायब्रिनोजेन लिव्हरला नव्याने बनवावं लागतं, त्याला तास लागतात. म्हणून पुढची नळी सहा तासांनी. अडीचला काढलं, तेव्हाही पातळ, आणखी 10 दिल्या. सकाळी साडेआठला गोळा बसला. तुमच्या भाच्याला परत परत टोचलं, ते याच आठच्या नळीसाठी.

फार्मा_भाऊ: डॉक्टरसाहेब, मूळ मुद्दा राहूनच गेला. परडाचं विष रक्त पातळ करतं. मग व्हिटॅमिन के आणि प्लाझ्मा द्यायचा, रक्त गोठेल. एवढ्या व्हायल जाळायची गरजच काय?

डॉ_उमरेडरोड: नाही हो. परडाचं विष रक्त पातळ करत नाही, गोठवत सुटतं. रक्त गोठवणारे फॅक्टर दहा आणि पाच ते चालू करतं. फुरशाचं विष पुढच्या पायरीवर, थेट प्रोथ्रॉम्बिनवर जातं. शेवट दोघांचा एकच: अंगभर बारीक गुठळ्या होतात, विरघळतात, पुन्हा होतात आणि फायब्रिनोजेन खर्ची पडतं. नळीत वाहतं ते हे उरलेलं रक्त. विष मोकळं असताना प्लाझ्मा देणं म्हणजे जळत्या चुलीत लाकडं सारणं. आधी अँटिव्हेनम. व्हिटॅमिन के इथे कामाचं नाही, फॅक्टर बनण्यात अडचण नाहीच, ते खर्च होताहेत.

फार्मा_भाऊ: बरं, व्हिटॅमिन के सोडलं. पण रक्ताची उलटी चालू असेल तर प्लाझ्मा लागतोच, हे मी स्वतः पाहिलंय.

डॉ_उमरेडरोड: तेव्हा लागतो. अँटिव्हेनम गेल्यावर.

लॅब_काटोल: इथे सगळे विषावर बोलताहेत. मी नळीवर बोलतो, कारण वीस वीस मिनिटं बघून झाल्यावर निकाल नळीच खोटा देते. नळी काचेची, नवीन, कोरडी लागते. काचेला लागल्यावर रक्ताची गोठण्याची साखळी सुरू होते. प्लास्टिकच्या नळीत चांगल्या माणसाचं रक्तही वीस मिनिटांत गोठेलच असं नाही. आणि वापरलेली काचेची नळी साबण पावडरने धुऊन पुन्हा मांडणीत ठेवतात, ती तर त्याहून वाईट. साबणाचा थर राहिला की गोठत नाही. मी एका ठिकाणी हे डोळ्यांनी पाहिलं. बाईला काहीच झालं नव्हतं, दाताच्या खुणा होत्या, सूज नाही. धुतलेल्या नळीत रक्त पातळ राहिलं, 10 व्हायल सुरू केल्या, अर्ध्यातच थंडी वाजून अंग थरथरायला लागलं. मग नव्या नळीत काढलं तर दगडासारखं गोठलं.

सिस्टर_मंदा: काटोलवाले, धुणाऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे. इंडेंट टाका, काचेच्या नळ्या येतच नाहीत, सगळीकडे प्लास्टिकचे व्हॅक्युटेनर. रात्रपाळीत पस्तीस पेशंट आणि मी एकटी, त्यात वीस मिनिटं नळी न हलवता सांभाळायची. कोणी टेबलाला धक्का देतो, कोणी नातेवाईक उचलून पाहतो.

लॅब_काटोल: मग इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या वापरता, तेही तुमच्याच रात्रपाळीत. तळाला औषध राहिलेलं असतं.

सिस्टर_मंदा: कोरडी पावडरची बाटली असते, हे न बघता बोलू नका! तुम्ही नळ्या पुरवा, मी बाटली हातात धरणार नाही. लॅबवाले पाचला घरी जाता आणि सहाला साप चावतो.

वासुदेव_कुही: भाऊ, नळीचं जाऊ द्या. माह्या काकाले साप चावला, आमी मारून पिशवीत घालून नेला. डॉक्टरनं पाह्यला बी नाई! त्यो सर्पमित्र म्हणे मण्यार हाय, गावातला म्हणे परड. औषध चुकलं असतं तं?

डॉ_उमरेडरोड: वासुदेवभाऊ, औषध चुकत नाही. नाग, मण्यार, परड, फुरसं, चौघांवर तीच व्हायल चालते. साप पकडायच्या भानगडीत दुसरा माणूस चावून घेतो, मेलेलं डोकंही चावतं. जमलं तर लांबून फोटो काढा. आणि मण्यार असेल तर ही नळी तुम्हाला फसवेल. रक्त छान गोठेल, पण पापण्या पडायला लागतील, बोलणं जड होईल. नळी फक्त रक्ताचं सांगते. पापण्या पडताहेत, हिरड्यांतून रक्त येतंय, असं दिसलं तर वीस मिनिटं थांबायचंच नाही, लगेच सुरू करायचं. परडाच्या पेशंटचं रक्त गोठलं तरी लघवी मोजत राहायची. किडनी दोन-तीन दिवसांनी बसू शकते.

नितीन_मौदा: भाचा बरा आहे. चौथी नळीही गोठली. मान्य, परत परत काढायचं कारण कळलं. पण हे तिथे कोणी सांगितलं का? "थांबा" एवढंच. आम्ही नागपूरला न्यायला गाडी लावून बसलो होतो.

सिस्टर_मंदा: सांगायला माणूस लागतो, नितीनभाऊ. वर लिहिलंय मी.

लॅब_काटोल: सिस्टर, सरळ सांगतो, बाटलीपेक्षा एक उपाय आहे. शंका आली की पेशंटच्या नळीशेजारी तुमचं किंवा नातेवाईकाचं 2 मिली त्याच प्रकारच्या नळीत ठेवा. तेही वाहिलं तर दोष नळीचा.

सिस्टर_मंदा: हे करता येईल. पण नातेवाईक रक्त द्यायला तयार होत नाहीत आणि माझं रोज काढणार का? आणि काच कोणती, नळी किती रुंद, हे कुठे लिहिलंय? आमच्याकडे दोन कंपन्यांच्या नळ्या आहेत, एकात सैल गोळा बसतो, एकात घट्ट.

डॉ_उमरेडरोड: हा प्रश्न खरा आहे. काच आणि नळीचा आकार बदलला की निकाल हलतो. श्रीलंकेत वॉर्डातल्या रोजच्या पद्धतीत या चाचणीने बऱ्याच विषबाधा हुकवल्या होत्या, शिकवलेल्या लोकांनी नीट केली तेव्हा सुधारली. सैल गोळ्याला मी "गोठलं" लिहीत नाही, अर्ध्या तासाने परत काढतो.

लॅब_काटोल: मी लिहितो. वाहिलं नाही म्हणजे गोठलं. मधलं काही नसतं.

डॉ_उमरेडरोड: तुम्ही रिपोर्ट लिहून घरी जाता. सैल गोळ्याचा पेशंट तासाभराने माझ्यासमोर हिरड्यांतून रक्त काढत बसलेला असतो. तुम्ही गोठलं लिहा, शेजारी "सैल" एवढा एक शब्द टाका.

लॅब_काटोल: रजिस्टरला तो रकाना नाही.

सिस्टर_मंदा: रकान्याबाहेर लिहा. जागा आहे.