ब्लूटूथ हेडफोन कानात, पण माइक भलताच: तुमचे अनुभव लिहा

पडवी: मी आठवीच्या मुलांचे गणिताचे जादा तास ऑनलाइन घेते. मंगळवारी वीस मिनिटं समीकरणं शिकवून झाल्यावर एका मुलीने चॅटमध्ये लिहिलं, "बाई, पंख्याचाच आवाज जास्त येतोय." हेडफोन माझ्या कानात होते, पण झूमने माइक लॅपटॉपचा धरला होता आणि लॅपटॉप टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला. माइकच्या बटणाजवळचा बाण दाबला तेव्हा दिसलं, खूण `Same as System` वर होती. वीस मिनिटं पुन्हा शिकवावी लागली, फार वाईट वाटलं. तुमच्या बाबतीत काय झालं, सविस्तर लिहा.

कोकणकडा: `Same as System` सोडून हेडफोनचं नाव निवडा, विषय संपला. मी तेच करतो.

खमाज: माझा तर तिथूनच सुरू झाला! मी गाणं शिकते. हेडफोनचा माइक निवडला आणि गुरुजींचा तानपुरा पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखा येऊ लागला, तारांना झणकार देणारी जवारी पार गेली. मला वाटलं नेट गंडलंय. क्लास संपल्यावर त्याच हेडफोनवर रेकॉर्डिंग लावलं, तर सुरेख.

जास्वंद: मला मोबाइलवर फोन आला की लॅपटॉपवरच्या मीटिंगचा आवाजच बंद होतो. तेही यातलंच का?

सोल्डर: जास्वंद, तुमचं वेगळं आहे. तुमचे हेडफोन एकाच वेळी दोन्हीकडे जोडलेले असणार. मीटिंगपुरतं मोबाइलचं ब्लूटूथ बंद ठेवून बघा.

खमाज, नेटचा दोष नाही. नुसतं ऐकायचं असतं तेव्हा ब्लूटूथ चांगला स्टिरिओ आवाज देतं. त्याच हेडफोनचा माइक चालू झाला की बहुतेक हेडफोन फोन कॉलच्या पद्धतीवर जातात. मग आवाज मोनो होतो आणि फार तर 8 हजार हर्ट्झपर्यंतचाच उरतो, जुन्या हेडफोनमध्ये 4 हजारपर्यंतच. जवारीची चमक देणारा वरचा आवाज त्यात कापला जातो. म्हणून झूममध्ये `Speaker` खाली हेडफोन ठेवा आणि `Microphone` खाली लॅपटॉपचा माइक, विंडोजवर बहुधा `Microphone Array` नावाने दिसतो. तानपुरा लगेच उघडतो.

विंडोज 10 मध्ये एकाच हेडफोनची दोन नावं दिसतात, `Stereo` आणि `Hands-Free`. माइक `Hands-Free` आणि स्पीकर `Stereo` निवडला, तर पुष्कळदा काहीच ऐकू येत नाही.

कोकणकडा: स्वस्तातले असतील हो. महागातले घ्या.

सोल्डर: माझ्याकडे दुरुस्तीला महागातलेही येतात, तक्रार हीच.

खमाज: आत्ताच करून पाहिलं, जवारी परत आली! पण आता गुरुजींना माझ्याकडचा मिक्सर ऐकू जातोय.

पडवी: मला तर मुलांपर्यंत माझा आवाज पोचायला हवा, म्हणून मी हेडफोनचाच माइक ठेवला. तास सुरू करण्याआधी `Test Speaker & Microphone` दाबून माइकवर नखाने टिकटिक करते. रेकॉर्डिंगमध्ये टिकटिक मोठी आली की माइक बरोबर. पण मध्येच चार्जिंग संपून हेडफोन बंद पडले, तर झूम पुन्हा लॅपटॉपच्या माइकवर जातं. ते मला कळावं कसं? कुणी काही उपाय केलाय का?